घटक ५ : एका फोनची लघुनाटिका – एकतर्फी संवाद आणि सलग चित्रण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला दूरध्वनीवरील एकतर्फी संवादाची भाषिक रचना उलगडून दाखवता येईल. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीचे बोलणे प्रेक्षकापर्यंत कसे पोहोचते हे सांगता येईल. तसेच एकाच सलग शॉटमध्ये चित्रित करावयाच्या पाच-सहा मिनिटांच्या लघुनाटिकेची संहिता लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नभोनाट्याचा अभ्यास केला. तेथे केवळ आवाज असतो, चेहरा नसतो. या घटकातील नाट्यप्रकारात चेहरा एकाचा असतो आणि बोलणे दोघांचे असते. त्यातही दुसऱ्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. परगावी कामाला गेलेला एक मजूर संध्याकाळी घरी फोन लावतो, पाच-सहा मिनिटे बोलतो आणि फोन ठेवतो. नाटिका एवढीच. कॅमेरा एकदा सुरू होतो तो फोन संपेपर्यंत थांबत नाही.

विवेचनासाठी आपण भंडारा जिल्ह्यातील आंबागड हे गाव घेतले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, तुमसर तालुक्यात हे गाव आहे. गोंड राजवटीच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास बांधलेल्या किल्ल्यामुळे त्याचे नाव इतिहासात येते. आपल्याला मात्र किल्ल्यापेक्षा गावाभोवतीच्या धानाच्या बांध्या महत्त्वाच्या आहेत. धानशेतीत हाताला भरपूर काम असते ते रोवणीला आणि कापणीला. मधल्या काळात या पट्ट्यातील अनेक जण नागपूर, पुणे, हैदराबाद अशा शहरांत बांधकामावर जातात. रोवणीच्या हंगामात घरी पैसा लागतो आणि तो याच मंडळींनी पाठवायचा असतो. आपल्या नाटिकेतला प्रश्न नेमका येथे निर्माण होतो.

स्थलांतरित मजूर आणि फोन ही जोडी म्हटली की मे २०२० मधील एक छायाचित्र अनेकांना आठवेल. टाळेबंदीच्या काळात दिल्लीच्या निजामुद्दीन पुलाजवळ रस्त्याच्या कडेला बसून, फोन कानाला लावून रडणाऱ्या एका मजुराचे हे छायाचित्र पीटीआय वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार अतुल यादव यांनी टिपले होते. त्यात आवाज नाही. पलीकडे कोण बोलते आहे, हेही दिसत नाही. तरीही पाहणाऱ्याला पलीकडचे घर जाणवते. एका क्षणाच्या चित्रात हे साधते. पण सहा मिनिटे चालणाऱ्या नाटिकेत पलीकडचे घर प्रत्येक वाक्यागणिक उभे करावे लागते. ते कसे, हाच या घटकाचा विषय आहे.

५.२ कॅमेरा कोणाकडे?

संहितेचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. कॅमेरा मजुराकडे ठेवायचा की घराकडे? नेहमीच्या चित्रपटात हा प्रश्न येत नाही, कारण तेथे दोन्हीकडचे चित्रण करून ते आलटून पालटून जोडता येते. सलग शॉटमध्ये अशी जोडणी करता येत नाही. मजूर जेथे उभा आहे तेथेच प्रेक्षकही अडकतो. मजुराला जसे घर दिसत नाही, तसे प्रेक्षकालाही दिसत नाही. या विषयासाठी सलग शॉट निवडण्याचे खरे कारण हेच आहे. निव्वळ कौशल्य दाखवायचे असेल तर विषय दुसरा निवडावा.

कॅमेरा घराकडे ठेवण्यातही एक सोय आहे. फोन या हातातून त्या हातात जातो आणि त्याच्यामागे कॅमेऱ्याला हिंडता येते. पण त्यात मोठी गोष्ट गमवावी लागते. मजूर जे सांगतो आणि मजुरावर जे गुदरले आहे, त्यातली तफावत घरच्यांना दिसत नाही. ती प्रेक्षकाला दिसली पाहिजे. ‘जेवलो’ असे तो म्हणतो तेव्हा पालथे घातलेले ताट आपल्याला दिसायला हवे. म्हणून येथे आपण कॅमेरा मजुराकडे ठेवू आणि घरचा आवाज मुळीच ऐकवणार नाही.

या रचनेचा पूर्वज रंगभूमीवर सापडतो. फ्रेंच लेखक झाँ कॉक्तो यांचे १९३० मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेले ‘मानवी आवाज’ हे एकपात्री नाटक पूर्णपणे एका फोनवर चालते. सोडून गेलेल्या प्रियकराशी एक स्त्री बोलते आणि त्याचा एकही शब्द प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या काळी फोन केंद्रामार्फत जोडले जात. मध्येच दुसरेच कोणी लाइनवर येई, जोडणी तुटे. कॉक्तो यांनी या अडचणींचा नाट्यासाठी उपयोग करून घेतला. आपल्याकडे एसटीडी बूथच्या काळात समोरच्या मीटरवर चढणारे आकडे हेच काम करू शकत होते. आज बोलण्याला पैशाची तशी मर्यादा उरलेली नाही. तिची जागा नेटवर्कने, बॅटरीने आणि मुकादमाच्या हाकेने घेतली आहे.

आजच्या लेखकापुढे कॉक्तो यांना न पडलेला एक प्रश्न आहे. घरचे लोक व्हिडिओ कॉल का करत नाहीत? व्हिडिओ कॉल झाला तर मजुराचा जखमी हात घरी दिसेल आणि नाटिका तेथेच संपेल. या प्रश्नाचे उत्तर संहितेत असलेच पाहिजे. घरी साधा बटणांचा फोन आहे, एवढे पुरेसे आहे. पण ते एखाद्या वाक्यातून यायला हवे.

५.३ न ऐकू येणारे बोलणे

संपर्कसत्रांत विद्यार्थी ज्या फोन-संहिता दाखवतात, त्यांतील बहुतेकींत एकच दोष आढळतो. पात्र पलीकडचे प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा उच्चारते : “काय म्हणतेस? बाबांची तब्येत बिघडली? डॉक्टरांना दाखवले?” रंगमंचावर आपण हे इतके ऐकले आहे की त्यात काही खटकत नाही. झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, हजारोंच्या गर्दीत, शेवटच्या रांगेपर्यंत अर्थ पोहोचवण्यासाठी ही पद्धत रास्तही आहे. पण चेहऱ्यापासून तीन फुटांवर कॅमेरा असताना ती लगेच खोटी वाटते.

खऱ्या बोलण्यात माणूस समोरच्याचे शब्द पुन्हा केव्हा उच्चारतो? आश्चर्य वाटले, विश्वास बसला नाही किंवा नीट ऐकू आले नाही, तरच. याला आपण प्रतिध्वनी-प्रश्न म्हणू. म्हणजेच पुनरुक्ती हे माहिती पुरवण्याचे साधन नसून भावना व्यक्त करण्याचे साधन आहे. सहा मिनिटांच्या संहितेत ती दोन-तीनदाच वापरावी आणि जेथे पात्राला खरोखर धक्का बसतो तेथेच वापरावी.

मग उरलेली माहिती कशी पोहोचते? मुख्यतः उत्तरांवरून. संवादात प्रश्न आणि उत्तर, विचारणे आणि नाकारणे, आमंत्रण आणि स्वीकार अशा जोड्या असतात. जोडीतला एक भाग ऐकला की दुसरा आपोआप मनात तयार होतो. “भात. अन् भाजी.” हे उत्तर ऐकले की “काय जेवलास?” हा प्रश्न लिहावा लागत नाही. संवाद-विश्लेषणाचे अमेरिकी अभ्यासक इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ मधील आपल्या लेखात फोनच्या आरंभाचा अभ्यास केला होता. फोन उचलणारा आधी बोलतो, हा नियम त्यांनी त्यात मांडला. आपल्या नाटिकेत फोन लावणारा मजूर आहे. त्यामुळे आपल्याला ऐकू येणारे त्याचे पहिले वाक्य हे नेहमीच कोणाच्या तरी आवाजाला दिलेले उत्तर असते. फोन कोणी उचलला हे त्या पहिल्या वाक्याच्या सुरावरून आणि संबोधनावरून कळते. बायकोशी बोलताना तो नाव घेत नाही, आईला ‘माय’ म्हणतो, मुलीला ‘बाई’ म्हणतो. पात्रपरिचयाचे वेगळे वाक्य लागत नाही.

दुसरे साधन म्हणजे स्तब्धता. येथे भाषाविज्ञानातील एक निरीक्षण उपयोगी पडते. निरनिराळ्या भाषांतील संभाषणे मोजून पाहिली असता एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी एक-पंचमांश सेकंदाच्या आसपास आढळते. पूर्ण एक सेकंद गेला तरी ऐकणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची शंका येऊ लागते. त्यामुळे मजूर फोन कानाला लावून चार सेकंद गप्प राहिला तर तो पलीकडचे ऐकतो आहे की उत्तर शोधतो आहे, हा फरक प्रेक्षक चेहऱ्यावरून अचूक करतो. ऐकताना भुवया, मान, ओठ हलत असतात, ‘हाव’, ‘हं’ असे हुंकार येतात. उत्तर शोधताना हे सारे थांबते.

जोडणी करून केलेल्या चित्रपटात स्तब्धतेची लांबी संकलक ठरवतो. एखादी जागा लांबली तर तो कापतो, आखूड पडली तर पलीकडचा चेहरा दाखवून वाढवतो. सलग शॉटमध्ये ही दुरुस्ती नंतर करता येत नाही. प्रत्येक स्तब्धता लेखकाने आधी लिहिलेली असावी लागते. म्हणून संहितेच्या दोन प्रती करा. पहिल्या प्रतीत फक्त मजुराची वाक्ये असतील. दुसऱ्या प्रतीत घरच्यांचीही सर्व वाक्ये असतील. ती कोणालाही ऐकू जाणार नाहीत, तरी ती लिहायचीच. ज्या संहितेत ही दुसरी प्रत नसते, तिच्यातला नट मनात एक-दोन-तीन मोजून पुढचे वाक्य म्हणतो आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसते.

५.४ नमुना-संहिता

पुढील संहिता या घटकासाठी रचलेली आहे. ठिपक्यांच्या जागी पलीकडची व्यक्ती बोलत आहे असे समजावे. मजूर पुण्यात आहे, घर आंबागडला आहे, महिना जुलैचा आहे.

*(सूर्यास्तानंतरचा उजेड. बांधकामाचा तिसरा मजला. भिंती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. तो खांबाला टेकून उभा आहे. उजव्या हाताची दोन बोटे चिंधीने बांधलेली. जवळच वीटांवर एक ताट पालथे घातलेले. डाव्या हाताने तो फोन कानाला लावतो. रिंग.)*

तो : कोन, बाई? … मायचा फोन तुह्यापासी कसा? … हाव, मीच. … जेवलो ना. … भात. अन् भाजी. … नाई दिसत व त्या फोनात, तो साधा हाये. मी आलो का दाखवीन. … तू काय करून रायली? … रातभर? … मंग बांधी भरली असन. … बेडूक? आयकव. आयकव मले. *(फोन कानाशी दाबून धरतो. बराच वेळ ऐकतो. हसतो.)* हाव, आयकू आले. आता आजीले दे.

*(खांब सोडून दोन पावले चालतो. कॅमेरा त्याच्या पाठीमागून फिरून उजव्या बाजूला येतो. बांधलेला हात प्रथमच स्पष्ट दिसतो.)*

माय … हाव … हाव. हात-पाय चांगले हायेत व माय. … गोरी घेतली का? … घे. जेवून घे. … हाव.

*(खालून आवाज : “ऊपर कौन है? बत्ती बंद कर!”)*

*(फोन छातीशी दाबून)* आया, भैया, दो मिनिट! *(फोन पुन्हा कानाला. बोलत नाही. पलीकडे फोन हातातून हातात जातो आहे.)*

हं. … मीच. … आयकतो ना. … त्याचंच सांगतो. सनिवारी टाकनार होतो. *(स्तब्धता.)* ब्यांक बंद होती. … हाव. … दोन दिवस. … हाव, रविवार धरून. *(स्तब्धता. बोटांवरची चिंधी दाताने घट्ट करतो.)* ट्रॅक्टरवाला काय म्हनते? … अन् रोवनेवाल्या बाया?

*(दीर्घ स्तब्धता. तो हलत नाही.)*

पानी नाई आला? *(फोन कानापासून किंचित दूर धरतो, पुन्हा लावतो.)* … अजून नाईच आला? …

हाव. … मंग घाई नाई. … हाव. पानी आल्यावर पाहू. *(स्तब्धता.)* तू जेवली? … ठेवू? … बोल ना. … नाई, काई नाई. … तू ठेव. … तू ठेव आधी.

*(फोन कानालाच आहे. पडद्याचा उजेड त्याच्या गालावरून मावळतो. खालची बत्ती जाते.)*

५.५ संहितेचे वाचन

या संहितेतील सारे नाट्य एका माहितीच्या क्रमावर उभे आहे. मुलगी आधी बोलते आणि रात्रभर पाऊस झाल्याचे, बांधी भरल्याचे, बेडूक ओरडत असल्याचे सांगते. हे शब्द तिच्या तोंडून आपल्याला ऐकू येत नाहीत, ‘रातभर?’, ‘बांधी भरली असन’, ‘बेडूक?’ या तीन ठिकाणांवरून आपण ते जुळवतो. बांधी भरली म्हणजे चिखलणी आणि रोवणी आता थांबवून चालणार नाही, हे झाडीपट्टीतल्या वाचकाला सांगावे लागत नाही. शहरी प्रेक्षकासाठी पुढे ट्रॅक्टरवाल्याचा आणि रोवणाऱ्या बायांचा उल्लेख येतो.

नंतर बायको फोनवर येते. पैसे आले नाहीत, हे तिला माहीत आहे. तो बँकेचे कारण सांगतो. हे कारण कच्चे आहे, हे ‘दोन दिवस’, ‘रविवार धरून’ या उत्तरांवरून दिसते. ती एकामागून एक प्रश्न विचारते आहे आणि त्याला कारणाला ठिगळे लावावी लागत आहेत. मग ती प्रश्न विचारणे थांबवते. ट्रॅक्टर आणि बाया यांच्याबद्दल तोच विचारतो. यावर ती जे उत्तर देते ते आपल्याला त्याच्या प्रतिध्वनी-प्रश्नातून कळते : “पानी नाई आला?” संपूर्ण संहितेत पलीकडचे वाक्य जसेच्या तसे परत येते ते मुख्यतः येथे. त्यातून माहिती मिळते, पण त्याहून अधिक म्हणजे त्याचा अविश्वास मिळतो. दोन मिनिटांपूर्वी त्याने बेडकांचा आवाज ऐकलेला आहे.

ती खोटे का बोलते, हे कोठेही लिहिलेले नाही. त्याच्याकडे पैसे नाहीत हे तिने ओळखले आहे. पैशाची घाई नाही असे त्याला वाटावे म्हणून ती पाऊस लांबवते. तो ते खोटे पकडत नाही. “पानी आल्यावर पाहू” असे म्हणून तो ते स्वीकारतो. त्याने हात लपवला, तिने पाऊस लपवला. ‘मले माहीत हाये पानी आला’ असे एक वाक्य त्याच्या तोंडी घातले असते तर प्रेक्षकाला सारे स्पष्ट झाले असते आणि प्रसंग मात्र वाया गेला असता. हे वाक्य लिहिण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. पहिल्या खर्ड्यात ते लिहावे आणि दुसऱ्या खर्ड्यात खोडावे, असे मी सुचवीन.

शेवटाकडेही पाहा. फोनवरचे संभाषण एकाएकी संपत नाही. ते संपवण्यास दोघांची संमती घ्यावी लागते. मराठीत ‘ठेवू?’, ‘बरं मग’, ‘हं, ठेव’ अशा शब्दांनी ती घेतली जाते. येथे ‘ठेवू?’ विचारल्यानंतरही संमती मिळत नाही आणि “बोल ना” म्हटल्यावर पलीकडून काही येतही नाही. संभाषण संपवण्याचा साधा उपचार लांबतो आणि त्या लांबण्यात न बोललेले सारे मावते. फोन नेमका कोणी ठेवला, हे दाखवण्याची गरज नाही.

५.६ बोलीचा वापर

झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या लेखनामुळे या बोलीची वैशिष्ट्ये आपल्याला आता परिचित आहेत. या बोलीत ‘ण’ चा ‘न’, ‘श’ चा ‘स’ आणि ‘ळ’ चा ‘र’ होतो. म्हणून नमुन्यात पानी, सनिवार, गोरी असे शब्द आहेत. चतुर्थीचा ‘ले’ हा प्रत्यय (मले, आजीले), ‘करून रायली’ ही चालू क्रिया दाखवणारी रचना आणि होकारासाठी ‘हाव’ ही आणखी काही ठळक खूण. संहितेत बोलीची सर्व वैशिष्ट्ये कोंबण्याचे कारण नाही. नटाला वाचता येईल आणि उच्चारता येईल इतकीच बोली लिहावी. बाकीची त्या भागातल्या नटाच्या तोंडी आपोआप येते.

‘हाव’ या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. नमुन्यात तो अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ निराळा आहे. मुलीशी बोलताना तो आनंदाचा होकार आहे. आईशी बोलताना, तिचे बोलणे संपण्याची वाट पाहणारा हुंकार आहे. बँकेच्या प्रसंगात तो बचाव आहे, आणि पाऊस आला नाही हे मान्य करताना तो जवळजवळ क्षमायाचना आहे. प्रमाण मराठीतील ‘हो’ने हे काम इतके चांगले होईल असे मला वाटत नाही, पण हा माझा वऱ्हाड-झाडी पक्षपातही असू शकेल.

मुकादमाला दिलेले उत्तर हिंदीत आहे. एका श्वासात तो भाषा, आवाजाची पट्टी आणि अंगाचा ताठपणा बदलतो. घरी तो बाप, मुलगा, नवरा आहे. खालच्या माणसाला त्याच्या नावाशीही देणेघेणे नाही. भाषांतर लिहिलेली पट्टी पडद्यावर देणार असाल तर हा बदल त्यात हरवतो, हे ध्यानात ठेवावे.

५.७ चित्रणाचा विचार

आपला अभ्यासक्रम लेखनाचा आहे. पण सलग शॉटसाठी लिहिणाऱ्याला चित्रणाच्या मर्यादा माहीत नसतील तर त्याची संहिता चित्रित होऊ शकत नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ मध्ये ‘रोप’ हा चित्रपट सलग भासावा असा केला, तेव्हा कॅमेऱ्यात सुमारे दहा मिनिटांचीच फिल्म मावत असे. म्हणून काही ठिकाणी पात्राच्या पाठीवर कॅमेरा नेऊन तेथे जोड लपवावा लागला. अलेक्झांडर सोकुरोव्ह यांचा ‘रशियन आर्क’ (२००२) हा दीड तासाचा चित्रपट मात्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एकाच दिवशी खरोखर एका शॉटमध्ये झाला. त्यांचे पहिले तीन प्रयत्न फसले आणि चौथा साधला. आज सहा मिनिटांचे सलग चित्रण आपल्या हातातल्या फोनवरही होते. अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात.

पहिली अडचण उजेडाची. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर चित्रणयोग्य संधिप्रकाश साधारण वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. सहा मिनिटांचा टेक आणि पुन्हा मांडामांड करायला पाच-सहा मिनिटे, असा हिशेब केला तर एका संध्याकाळी दोन टेक होतात, तिसरा बहुधा अंधारात जातो. म्हणून तालीम दिवसा पूर्ण करावी आणि संध्याकाळ फक्त चित्रणासाठी राखावी. कॅमेऱ्याचा फोकस आणि उजेडाची पातळी आधी स्थिर करून ठेवावी. नाहीतर तो खांबाजवळून कडेला आला की आकाशाच्या उजेडामुळे त्याचा चेहरा एकाएकी काळा पडतो. चित्रण करणारा फोन विमान-स्थितीत ठेवावा; मध्येच कोणाचा कॉल आला तर चित्रण तेथेच तुटते.

दुसरी अडचण आवाजाची, आणि ती अधिक कठीण आहे. नटाच्या कानावर खरोखर कोणीतरी बोलत असले पाहिजे. संहितेची दुसरी प्रत घेऊन तीन स्त्रियांनी, म्हणजे मुलगी, आई आणि बायको यांचे काम करणाऱ्यांनी, इमारतीच्या दुसऱ्या टोकाहून फोनवर बोलावे. पण चालू फोन कॉलर-माइकच्या वायरजवळ आला की ध्वनिमुद्रणात टर-टर असा आवाज उमटू शकतो. तालमीतच हेडफोन लावून तो तपासावा आणि माइक फोनच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजव्या खांद्याकडे लावावा. फोनची ध्वनिपातळी इतकीच ठेवावी की नटाला ऐकू येईल पण माइकला पकडता येणार नाही. बायकोचा पुसट जरी शब्द मुद्रित झाला, तरी सारी रचना कोसळते.

कॅमेऱ्याने केव्हा हलावे? तो हलला तर त्याला कारण हवे. नमुन्यात तो एकदाच फिरतो, मजूर चालू लागतो तेव्हा, आणि त्या फिरण्याने हात दिसतो. “हात-पाय चांगले हायेत” हे वाक्य त्यानंतर लगेच येते. चित्र आधी, शब्द नंतर. हाच क्रम उलटा केला, म्हणजे वाक्य आधी आले आणि मग कॅमेरा हाताकडे गेला, तर कॅमेरा मजुराला खोटे पाडतो आहे असे वाटते. शेवटच्या दोन मिनिटांत कॅमेरा मुळीच हलू नये. टेक फसला की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे : ध्वनी बंद करून चित्रण पाहावे. “पानी नाई आला?” ही जागा ध्वनीशिवाय ओळखता आली, तर टेक ठेवण्याजोगा आहे.

स्वाध्याय

१. नमुना-संहितेतील बायकोची सर्व वाक्ये लिहा. तुमची वाक्ये मोठ्याने वाचून पाहा आणि ती मजुराच्या स्तब्धतांमध्ये बसतात का, हे घड्याळ लावून तपासा.

२. मुलीने पावसाची बातमी आधीच दिली आहे, हे बायकोला माहीत असेल का? दोन्ही शक्यता धरून “पानी आल्यावर पाहू” या वाक्याचा अर्थ कसा बदलतो, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.

३. मुलगी शेवटी आणि बायको आधी फोनवर येते, असा क्रम ठेवून संहिता पुन्हा लिहा. नाट्य कोठे सरकले?

४. हीच संहिता कॅमेरा आंबागडच्या घरात ठेवून लिहा. मजुराचा एकही शब्द ऐकू येऊ नये. बेडकांचा आवाज आता प्रेक्षकालाही ऐकू येणार आहे, याचा विचार करा.

५. आपल्या घरातील दोन मिनिटांचा एखादा फोन, संबंधितांच्या अनुमतीने, एका बाजूनेच ऐका. पलीकडचे कोणते वाक्य पुन्हा उच्चारले गेले आणि का, याची नोंद करा.